‘%d left’ म्हणजे नक्की काय? विचारून झालं, आता आठवण कधी करायची

मुक्त सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर करायला बसलं की पहिल्या तासाभरातच अशी एखादी ओळ समोर येते:

```
#: src/upload-row.c:214
#, c-format
msgid "%d left"
msgid_plural "%d left"
msgstr[0] ""
msgstr[1] ""
```

`%d` च्या जागी आकडा येणार, एवढं कळतं. पण left म्हणजे काय? उरले, डावीकडे, की निघून गेले? आणि समजा ‘उरले’ असेल, तर काय उरलं? मिनिटं असतील तर ‘उरली’, फायली असतील तर ‘उरल्या’, प्रयत्न असतील तर ‘उरले’. इंग्रजीत लिहिणाऱ्याला यातलं काहीच ठरवावं लागत नाही. आपल्याला लिंगही ठरवावं लागतं आणि वचनही.

मग आपण विचारतो, आणि पलीकडून काहीच येत नाही. या शांततेत नवीन माणसाचा गोंधळ उडतो. परत विचारलं तर उद्धट वाटेल का? नाही विचारलं तर राहूनच गेलं तर?

माझ्या हातून दोन्ही चुका झाल्या आहेत. एका गप्पांच्या ॲपमध्ये नुसती ‘Left’ अशी ओळ होती. ती विचारली आणि आठवण करायचा संकोच वाटून जवळपास तीन महिने गप्प बसलो. मध्येच अंदाजाने ‘डावीकडे’ लिहून टाकलं होतं. पुढे ती आवृत्ती बाहेर आली आणि ग्रुप सोडून गेलेल्या प्रत्येकाच्या नावापुढे ‘डावीकडे’ दिसू लागलं. माझ्या मावसभावाने स्क्रीनशॉट पाठवून विचारलं, “हे सगळे डावीकडे का गेलेत?” दुसऱ्या वेळी याच्या अगदी उलटं केलं. दीड दिवसात तीन ठिकाणी तोच प्रश्न टाकला. तिघांनी तीन ठिकाणी उत्तरं दिली, त्यातली दोन एकमेकांशी जुळेनात, आणि त्यांचं आपापसातलं बोलणं वाचत बसण्यात माझा आठवडा गेला.

त्यानंतर जी पद्धत बसली ती खाली देतो आहे. दिवसांचे आकडे कुठल्या नियमावलीतले नाहीत, माझ्या अनुभवातले आहेत. पण ते कसे मोजायचे ते कळलं की तुमच्या प्रकल्पासाठी तुम्हालाच बसवता येतील.

हाताशी काय लागेल

- भाषांतराची PO फाइल, किंवा ती जिथे ऑनलाइन भरली जाते तिथलं खातं
- त्या प्रकल्पाच्या सोर्स कोडची प्रत आणि `git`
- प्रकल्प जिथे इश्यू घेतो तिथलं खातं
- पुढच्या रिलीजचं वेळापत्रक, विशेषतः मूळ इंग्रजी ओळी बदलणं जिथे थांबतं ती स्ट्रिंग फ्रीझची तारीख
- प्रश्न विचारल्याची तारीख टिपायला वही किंवा साधी स्प्रेडशीट

शेवटची गोष्ट क्षुल्लक वाटेल, पण ‘कधी विचारलं होतं बरं’ हे आठवत नसेल तर पुढचं काहीच मोजता येत नाही.

## १. विचारण्याआधी अर्धा तास स्वतः शोधा

जो प्रश्न विचारावाच लागला नाही त्याच्या उत्तराची वाट बघावी लागत नाही. आणि बऱ्याच अस्पष्ट ओळींचा अर्थ फाइलीतच दडलेला असतो.

आधी ओळीच्या डोक्यावरच्या खुणा वाचा. `#.` ने सुरू होणारी ओळ म्हणजे डेव्हलपरने भाषांतरकारासाठी ठेवलेली टीप. `#:` ने सुरू होणारी ओळ सांगते की ही स्ट्रिंग कोडमध्ये कुठल्या फाइलीत, कितव्या ओळीवर आहे. `msgctxt` असेल तर तो संदर्भ. आमच्या ‘%d left’ वर ना टीप होती ना संदर्भ, पण फाइलीचं नाव `upload-row.c` होतं. म्हणजे काहीतरी अपलोड होत असताना दिसणारी ही ओळ. ‘डावीकडे’ तिथेच बाद झालं.

मग कोडमध्ये जा:

```
git grep -n '%d left'
git log -S'%d left' --oneline -- src/
```

पहिली आज्ञा आजची जागा दाखवते. PO फाइलीतला ओळ क्रमांक जुना असू शकतो, म्हणून त्यावर विसंबू नका. दुसरी आज्ञा ही स्ट्रिंग ज्या कमिटमध्ये आली किंवा गेली ते कमिट शोधते. कमिटचा संदेश वाचला की पुष्कळदा अर्थ लागतो, कारण तिथे डेव्हलपरने आपण काय करतो आहोत ते आपल्या सहकाऱ्यांना सांगितलेलं असतं. आमच्या वेळी संदेशात ‘अपलोडच्या रांगेत प्रगती दाखवा’ एवढंच होतं आणि कोडमध्ये चलाचं नाव नुसतं `n` होतं. वेळ की फायली, ते कळेना.

या शोधातून आणखी एक गोष्ट हाती लागते: ती ओळ कोणी लिहिली आणि तो माणूस अजून प्रकल्पात काम करतो का. हे पुढे आठवण करताना लागेल, टिपून ठेवा.

जमलं तर प्रोग्राम चालवून ती ओळ प्रत्यक्ष पडद्यावर आणून बघा. पण त्यासाठी दिवस घालवू नका. अर्धा तास पुरे.

## २. प्रश्न नेमक्या दारात टाका

उत्तर न येण्याचं मला सर्वांत जास्त वेळा सापडलेलं कारण म्हणजे प्रश्न कोणाच्या नजरेसच पडला नव्हता. अशा वेळी पंधरा दिवस थांबलात तरी उपयोग नाही आणि तिथेच आठवण केली तरीही नाही. म्हणून मोजणी सुरू करण्याआधी दार बरोबर आहे ना, ते बघा.

PO फाइलीच्या अगदी वरच्या भागात `Report-Msgid-Bugs-To:` अशी एक ओळ असते. मूळ इंग्रजी ओळींमधल्या अडचणी कुठे कळवायच्या, तो पत्ता तिथे असतो. PO फाइली ज्या गेटटेक्स्ट प्रणालीच्या असतात तिच्या मार्गदर्शिकेत या अडचणींची यादी आहे आणि ‘अर्थ लागायला आणखी संदर्भ लागेल अशी स्ट्रिंग’ त्यात स्पष्ट लिहिलेली आहे. म्हणजे अस्पष्ट ओळ ही बग म्हणून कळवायचीच गोष्ट आहे. आपण कोणाकडे मेहरबानी मागत नाही. हे कळल्यावर माझा निम्मा संकोच गेला.

वेबलेट या ऑनलाइन भाषांतराच्या साधनावर काम करत असाल तर एक सापळा आहे. तिथे टिप्पणी टाकताना तिचा प्रकार निवडावा लागतो. एक प्रकार मूळ स्ट्रिंगबद्दलचा, दुसरा तुमच्या भाषेतल्या भाषांतराबद्दलचा. दुसरा निवडलात तर ती चर्चा मराठीच्या पानावरच राहते, आणि मराठीत तुम्ही एकटेच असाल तर तुम्ही स्वतःशीच बोलत बसता. मी एकदा बसलो होतो.

translatewiki.net वर, म्हणजे मीडियाविकी आणि पर्यायाने मराठी विकिपीडियाचे संदेश जिथे भाषांतरित होतात तिथे, भाषांतराच्या चौकटीतच प्रश्न विचारायचं बटण आहे. ते वापरलं की कुठल्या संदेशाबद्दल बोलतो आहोत त्याचा दुवा आपोआप जातो. मात्र त्याआधी त्या संदेशाचं `qqq` पान बघा. `mr` हा जसा मराठीचा कोड, तसा `qqq` हा संदेशांच्या स्पष्टीकरणासाठी राखून ठेवलेला कोड.

गप्पांच्या खोलीत, मॅट्रिक्स असो की टेलिग्राम, विचारायला हरकत नाही. पण तिथला प्रश्न संध्याकाळपर्यंत वर वाहून जातो. मी इश्यू लेखी टाकतो आणि खोलीत गेलोच तर फक्त त्याचा दुवा देतो.

## ३. प्रश्न असा लिहा की एका शब्दात उत्तर देता येईल

‘या ओळीचा अर्थ काय?’ असं विचारलं तर डेव्हलपरला कोड उघडून, आठवून, दोन परिच्छेद लिहावे लागतात. तो म्हणतो नंतर बघू. ‘अ की ब?’ असं विचारलं तर तो बसमध्ये उभा असतानाही फोनवरून उत्तर देऊ शकतो. किती दिवस थांबावं लागेल याचा बराचसा निकाल इथेच लागतो.

माझ्या ‘%d left’ च्या इश्यूचा आशय असा होता (अर्थात इंग्रजीत लिहून):

> `src/upload-row.c` मधल्या ‘%d left’ मध्ये आकडा कशाचा आहे? (अ) अपलोड व्हायच्या राहिलेल्या फायली (ब) राहिलेली मिनिटं (क) ग्रुप सोडून गेलेली माणसं. मराठीत या तिन्हींसाठी वेगवेगळी क्रियापदाची रूपं येतात, म्हणून विचारतो आहे. कोडमध्ये चलाचं नाव `n` आहे, त्यावरून कळलं नाही. शक्य असल्यास या ओळीवर भाषांतरकारांसाठी टीप घालाल का?

‘मराठीत वेगवेगळी रूपं येतात’ हे वाक्य वगळू नका. इंग्रजीपलीकडची भाषा न येणाऱ्या डेव्हलपरला हा प्रश्न का पडला हेच कळत नाही, आणि जे कळत नाही ते मागे पडतं. एकच उदाहरण द्या: ‘None’ साठी आम्हाला ‘कोणताही नाही’, ‘कोणतीही नाही’, ‘कोणतेही नाही’ यांतलं एक निवडावं लागतं.

एका इश्यूत एकाच स्ट्रिंगबद्दल विचारा, फार तर एकाच फाइलीतल्या दोन-तीन. वीस प्रश्नांची यादी टाकलीत तर तिला एकदम उत्तर देण्याएवढा वेळ कोणाकडेच नसतो.

## ४. थांबण्याच्या काळात फाइल रिकामी ठेवू नका, पण अंदाजही पक्का करू नका

‘डावीकडे’ प्रकरणात माझी खरी चूक ही होती. अंदाज लिहिला आणि तो पक्का म्हणून ठेवला.

अंदाज लिहायचा असेल तर त्यावर `fuzzy` ही खूण लावा. `msgfmt` फाइल तयार करताना `fuzzy` ओळी गाळतं, त्यामुळे वापरणाऱ्याला त्या जागी मूळ इंग्रजी दिसतं. वेबलेटवर हीच गोष्ट ‘संपादन हवं’ या खुणेने होते. इंग्रजी दिसणं वाईट, पण ‘डावीकडे’ दिसण्याइतकं नाही.

याहून चांगला मार्ग म्हणजे शंका असतानाही चालेल असा शब्द शोधणं, आणि इथे मराठी कधीकधी मदत करते. ‘उरले’ ला लिंग-वचन चिकटतं, पण ‘शिल्लक’ किंवा ‘बाकी’ ला नाही. ‘५ शिल्लक’ हे मिनिटांनाही चालतं आणि फायलींनाही. त्यामुळे माझे (अ) आणि (ब) हे दोन पर्याय एकाच शब्दात मिटले आणि शंका फक्त (क) ची राहिली. तसंच `%s deleted` सारख्या ओळीत काढला, काढली, काढले यात अडकण्यापेक्षा ‘%s काढून टाकण्यात आले’ न लिहिता ‘काढून टाकले: %s’ असं फिरवलं की लिंगाचा खटका बराच कमी होतो. वाक्य थोडं सरकारी होतं, पण चुकत नाही.

असा शब्द सापडला तर तुमचा प्रश्न तातडीचा राहत नाही आणि निवांत थांबता येतं. नाही सापडला तर पुढची पायरी नीट वाचा.

## ५. दिवस मोजायचे कसे

माझा नेहमीचा हिशोब असा: लेखी इश्यूवर सात कामाचे दिवस, गप्पांच्या खोलीत दोन. पण तीन गोष्टी हा हिशोब बदलतात.

पहिली, समोरचा कधी बसतो. काही प्रकल्पांत लोक पगारी असतात. ते सोमवार ते शुक्रवार काम करतात आणि शनिवारी गायब असतात. छोट्या प्रकल्पांत उलट असतं, मेंटेनर नोकरी सांभाळून फक्त शनिवार-रविवारी बसतो. अंदाज करत बसू नका, `git` ला विचारा:

```
git log -200 --date=format:%a --format=%ad | sort | uniq -c
```

शेवटची २०० कमिट्स कुठल्या वारी झाली ते यातून दिसतं. बहुतेक शनिवार-रविवारची असतील तर ‘सात कामाचे दिवस’ या मोजमापाला अर्थ नाही. तिथे किमान दोन शनिवार-रविवार जाऊ द्या. एक सुट्टी घरच्या कामात जाऊ शकते, ते आपल्यालाही लागू आहेच.

वाराबरोबर घड्याळही बघा. आपण जेवणं उरकून शुक्रवारी रात्री साडेनऊला इश्यू टाकतो तेव्हा मध्य युरोपात उन्हाळ्यात संध्याकाळचे सहा वाजलेले असतात. लॅपटॉप मिटलेला असतो. त्या प्रश्नाचा पहिला दिवस सोमवार धरा.

दुसरी, सुट्ट्या आणि संमेलनं. डिसेंबरचा शेवटचा आठवडा ते जानेवारीचा पहिला, हा काळ मोजूच नका. ऑगस्टमध्ये युरोपातले लोक दोन-तीन आठवडे सलग रजेवर जातात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला ब्रसेल्सला फॉसडेम हे मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचं संमेलन भरतं, त्या आठवड्यात अनेक जण प्रवासात असतात. याची दुसरी बाजू आपली आहे. लिनक्सवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या आवृत्त्या दर सहा महिन्यांनी, मार्च आणि सप्टेंबरमध्ये येतात. सप्टेंबरच्या आवृत्तीआधीची धावपळ नेमकी गणपतीच्या दिवसांच्या आसपास गाठते. उत्तर आलं आणि तुम्ही गावी आरतीत, असं होऊ नये म्हणून त्या आवृत्तीचे प्रश्न मी जुलैतच विचारून ठेवतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची, स्ट्रिंग फ्रीझ. रिलीजच्या काही आठवडे आधी एक तारीख असते. तिच्यानंतर मूळ इंग्रजी ओळी बदलायच्या नाहीत, भाषांतरकारांना स्थिर फाइल मिळावी म्हणून. ग्नोमसारख्या प्रकल्पात त्यानंतर बदल करायचा तर भाषांतर समन्वयकांची परवानगी लागते. म्हणून आधी स्वतःला विचारा, मला नक्की काय हवं आहे?

फक्त अर्थ कळायला हवा असेल, किंवा ओळीवर टीप हवी असेल, तर फ्रीझनंतरही चालतं. टीप घातल्याने `msgid` बदलत नाही. पण ओळच सुधारायला हवी असेल, किंवा एकाच शब्दाचे दोन अर्थ वेगळे करायला `msgctxt` हवं असेल, तर ते फ्रीझच्या आधीच व्हायला हवं. `msgctxt` घातलं की गेटटेक्स्टच्या दृष्टीने ती नवी स्ट्रिंग होते आणि बाकीच्या सगळ्या भाषांतलं तिचं तयार भाषांतर निखळतं.

दुसऱ्या प्रकारात दिवस पुढे मोजायचे नाहीत, फ्रीझपासून मागे मोजायचे. आमचं उदाहरण घ्या. इश्यू टाकला पहिल्या आठवड्याच्या मंगळवारी. फ्रीझ होता तिसऱ्या आठवड्याच्या शनिवारी. नेहमीच्या हिशोबाने सात कामाचे दिवस म्हणजे दुसऱ्या आठवड्याचा गुरुवार, त्या दिवशी आठवण करायची. पण मागून मोजलं तर चित्र वेगळं दिसतं. डेव्हलपरने बदल लिहायचा, दुसऱ्या कोणीतरी तपासायचा, मग तो मुख्य शाखेत जायचा, याला एक आठवडा धरा. म्हणजे उत्तर दुसऱ्या शनिवारपर्यंत हातात हवं. आठवणीनंतर उत्तर यायला तीन-चार दिवस द्यायला हवेत. म्हणजे आठवण गुरुवारी करून चालणार नाही, मंगळवारीच करायला हवी. मी मंगळवारी केली. पाच कामाच्या दिवसांनंतर.

फ्रीझला चारच दिवस उरलेत आणि प्रश्न आज सुचला, तर? तेव्हा दोन दिवसांत आठवण केलेली चालते, फक्त पहिल्याच संदेशात फ्रीझची तारीख लिहा. घाईचं कारण समोर असलं की घाई खटकत नाही.

ज्या प्रकल्पांत बदल सतत बाहेर जातात तिथे हा ताण कमी असतो. मीडियाविकीची नवी आवृत्ती विकिमीडियाच्या संकेतस्थळांवर साधारण दर आठवड्याला चढते, मंगळवारी चाचणीच्या विकींपासून सुरू होऊन गुरुवारी बहुतेक विकिपीडियांवर. या गुरुवारची चुकली तर पुढच्या गुरुवारची आहेच. तिथे मी आरामात दोन आठवडे थांबतो.

## ६. आठवणीत काहीतरी नवीन घाला

‘काही कळलं का?’ किंवा नुसतं ‘पिंग’ लिहू नका. समोरच्याला पुन्हा वर जाऊन सगळं वाचावं लागतं आणि हाती काहीच नवीन लागत नाही. आठवण त्याच इश्यूखाली करा, नवा इश्यू उघडू नका, आणि तिच्यात एक नवी माहिती किंवा एक ठराव असू द्या.

माझी मंगळवारची आठवण अशी होती:

> फ्रीझ पुढच्या शनिवारी आहे म्हणून परत लिहितो आहे. (अ) आणि (ब) दोन्हींना चालेल असा मराठी शब्द मला सापडला आहे. त्यामुळे प्रश्न एवढाच उरला: हा आकडा ग्रुप सोडून गेलेल्या माणसांचा तर नाही ना? नसेल तर मी शुक्रवारी तो शब्द पक्का करतो. ही ओळ ज्या कमिटमध्ये आली त्याच्या लेखकाला इथे जोडतो आहे.

प्रश्न आधीपेक्षा लहान झाला, तो आता हो किंवा नाही एवढाच उरला. उत्तर आलंच नाही तर मी काय करणार आणि कधी, तेही सांगून झालं, त्यामुळे शांततेतूनही काम पुढे सरकतं. आणि नेमक्या माणसाला हाक गेली.

नेमक्या म्हणजे एकाच माणसाला. प्रकल्पातल्या पाच जणांची नावं ओळीने टाकली तर प्रत्येकाला वाटतं दुसरा बघेल. शिवाय ज्याचं शेवटचं कमिट दोन वर्षांपूर्वीचं आहे त्याला हाक मारण्यात अर्थ नाही. पहिल्या पायरीत टिपून ठेवलेलं इथे कामाला येतं.

‘उत्तर नाही आलं तर मी असं करतो’ ही पद्धत सगळीकडे वापरू नका. ‘हटवा’, ‘पैसे’, ‘परवानगी’, ‘पासवर्ड’ अशा ओळींत चुकीच्या अंदाजाने माणसाचं नुकसान होऊ शकतं. तिथे ओळ `fuzzy` ठेवा आणि तसंच कळवा.

## ७. आठवणीनंतरही शांतता असेल तर

पहिल्या आठवणीनंतर पुन्हा तेवढेच दिवस द्या, थोडे जास्तच. मी दहा कामाचे दिवस देतो. मग दुसरी आठवण त्याच जागी करत नाही, दार बदलतो. आधी आपल्या भाषेच्या संघाचा समन्वयक असेल तर त्यांना विचारतो. मग हिंदी, गुजराती किंवा कानडीवाल्यांनी ती ओळ कशी केली आहे ते बघतो. गुजरातीतही तीन लिंगं आहेत, त्यामुळे त्यांना हाच पेच पडलेला असतो. मात्र त्यांचं भाषांतर हा पुरावा समजू नका. तोही कोणाचा तरी अंदाज असू शकतो. त्यांनी कुठे विचारलं होतं का, ते शोधा.

यानेही भागलं नाही तर प्रश्न विचारणं थांबवून स्वतःच बदल पाठवतो. कोडमधल्या त्या ओळीच्या वर अशी टीप घालून:

```
/* TRANSLATORS: %d is the number of files
   still waiting to be uploaded. */
```

ही टीप चुकीची असेल तर कोणीतरी लगेच येऊन सुधारतं. प्रश्नाकडे महिनाभर न फिरकलेला माणूस चूक दुरुस्त करायला तासाभरात येतो, हा अनुभव मला दोनदा आला आहे. माणसाचा स्वभाव, दुसरं काय. पण मुद्दाम चुकीचं लिहू नका. प्रामाणिक अंदाज लिहा आणि तो अंदाज आहे हे सोबतच्या वर्णनात सांगा.

आणि एक वेळ अशी येते की प्रकल्पच झोपलेला असतो. वर्षभरात कमिट नाही, इश्यूंचा ढीग तसाच. तिथे तिसरी आठवण करण्यात हशील नाही. ओळ `fuzzy` ठेवून पुढे जा.

## ८. उत्तर आलं की

आमचं उत्तर मंगळवारी आठवण केल्यावर तीन तासांत आलं. ज्याला हाक मारली होती त्यानेच लिहिलं की त्या फायली आहेत, आणि परत वाचताना त्यालाही ती ओळ विचित्र वाटली. गुरुवारी त्याने ती बदलून ‘%d file left’ आणि ‘%d files left’ केली. फ्रीझच्या नऊ दिवस आधी. बाकीच्या भाषांनाही ती आयती मिळाली. आमची ओळ अशी झाली:

```
msgid "%d file left"
msgid_plural "%d files left"
msgstr[0] "%d फाइल बाकी"
msgstr[1] "%d फायली बाकी"
```

उत्तर मिळाल्यावर त्याच दिवशी तीन कामं उरका. `fuzzy` काढा, कारण ती राहून गेली तर एवढं करूनही वापरणाऱ्याला इंग्रजीच दिसणार. डेव्हलपरने कोडमध्ये काही बदललं नसेल तर उत्तर कुठेतरी कायमचं लिहून ठेवा: translatewiki.net वर संदेशाच्या `qqq` पानावर, इतरत्र कोडमधल्या टिपेत. आणि इश्यूखाली आभार मानून तो बंद करा, किंवा बंद करायला सांगा.

वहीत मी एक रकाना शेवटी वाढवला आहे: उत्तर यायला किती दिवस लागले. एकाच प्रकल्पाचे सहा-सात प्रश्न झाले की तिथे किती थांबायचं ते त्या रकान्यातच दिसतं, आणि माझे सात दिवस तिथे लागू पडत नाहीत हेही. एका प्रकल्पात तो आकडा कायम एकवीसच्या आसपास असतो. तिथले मेंटेनर महिन्यातून एकदाच सगळे इश्यू एकत्र घेऊन बसतात. तिथे मी आठवण करणं सोडलं आहे. त्यांच्या त्या बैठकीच्या आधीच्या आठवड्यात प्रश्न टाकतो.